वडिलांच्या मिळकतीवरचा माझा निर्वाह

वडिलांचे मृत्युपत्र दादाने तेराव्यानंतरच्या रविवारी समोर ठेवले, तेव्हा ते नोंदणीकृत आहे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत आणि त्यात माझे नाव एकदाच आले आहे, एवढेच माझ्या ध्यानात राहिले. घर दादाला, बँकेतल्या सर्व ठेवी नातवाला, म्हणजे दादाच्या मुलाला, आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य : ‘माझी मुलगी अविवाहित असून तिची सोय माझ्या मुलाने करावी.’ त्या वेळी मी एकोणपन्नास वर्षांची होते. आईच्या आजारपणात शाळेतली कंत्राटी नोकरी सोडली होती, आई गेल्यावर नऊ वर्षे वडिलांचे सगळे केले होते, आणि घरी पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन महिन्याला साडेचार-पाच हजार रुपये मिळत होते. चार महिन्यांनी दादाने खालच्या मजल्यावरची माझी खोली भाड्याने द्यायची असल्याचे सांगितले. माझी सोय म्हणजे वहिनीच्या माहेरच्या गावी एका नातेवाइकांकडे राहणे, असा त्याने त्या वाक्याचा अर्थ लावला होता.

पहिली चूक इथेच झाली, आणि ती सविस्तर सांगते, कारण न्यायालयाच्या आवारात मी नंतर तीच चूक करणाऱ्या आणखी दोघीजणी पाहिल्या. ओळखीतल्या एका वकिलांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दादाविरुद्ध पोटगीचा अर्ज दाखल केला. पोटगी म्हटले की बहुतेकांच्या तोंडी हेच कलम येते. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पाच महिने चालला आणि फेटाळला गेला. फेटाळण्याची दोन्ही कारणे कलमाच्या शब्दांतच होती. त्या कलमाखाली पत्नी, मुले आणि आईवडील मागू शकतात. बहीण भावाकडे मागू शकत नाही. आणि मूल सज्ञान झाले की शारीरिक किंवा मानसिक दोषामुळे वा दुखापतीमुळे ते स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तरच त्याचा हक्क टिकतो. नुसते अविवाहित असणे पुरेसे नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे, पण या दोन्ही बाबतींत फरक पडलेला नाही.

त्याच पाच महिन्यांत व्हरांड्यातल्या बाकावर एका बाईंची ओळख झाली. त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने अपंग होता, नवरा वेगळा राहत होता आणि मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर त्याने पैसे देणे बंद केले होते. त्यांचा अर्ज त्याच कलमाखाली होता आणि तो टिकला. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवर न्यायालय थांबले नाही. मुलाला लिहिता येते का, बसून करायचे काही काम जमते का, त्याला दिवसभर कोणी सोबत लागते का, हे त्यांना साक्षीत सांगावे लागले. त्यांच्या वकिलांनी बजावलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली, ती माझ्या प्रकरणाशी अगदी उलट होती. वडील हयात आहेत तोवर हा आदेश चालतो. ते गेले की पुढची पोटगी थांबते, आणि हिंदू कायद्यात मृताच्या अवलंबितांची जी यादी आहे तिच्यात मुलगा फक्त अज्ञान असेपर्यंतच आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नाही तर तो वारस म्हणून हिस्सा घेईल. पण मृत्युपत्राने त्याला वगळले तर, तो कितीही परावलंबी असला तरी, त्या यादीत त्याला जागा नाही. मला मात्र त्या यादीत जागा होती, आणि तिचा पत्ता मला तोपर्यंत नव्हता.

दुसऱ्या वकील एक बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घराबद्दल : ‘हे घर वडिलोपार्जित की वडिलांच्या स्वकष्टाचे?’ घर वडिलोपार्जित असते तर २००५ च्या दुरुस्तीने मी जन्मानेच सहदायाद, म्हणजे भावाच्या बरोबरीने हिस्सेदार, ठरले असते, वडिलांना माझा हिस्सा मृत्युपत्राने देता आला नसता, आणि निर्वाहाचा दावा करण्याऐवजी वाटपाचा दावा करावा लागला असता. म्हणून आम्ही लोखंडी ट्रंकेतले खरेदीखत काढले. भूखंड १९८३ साली वडिलांच्या नावावर घेतलेला होता, पैसे पगारातून आणि सोसायटीच्या कर्जातून दिलेले होते, आणि आजोबांची जमीन त्याआधीच काकांकडे गेलेली होती. म्हणजे घर स्वकष्टार्जित, आणि ते कोणालाही देण्याचा वडिलांचा अधिकार पुरेपूर होता.

मग प्रश्न आला मृत्युपत्रालाच आव्हान देण्याचा. ते टिकले नाही तर मी आणि दादा दोघेही प्रथम वर्गाचे वारस, म्हणजे निम्मे घर माझे. मोह मोठा होता. पण वडील शेवटपर्यंत शुद्धीवर होते, साक्षीदारांपैकी एक त्यांचे निवृत्त सहकारी होते, आणि त्यांच्या सहीबद्दल मला स्वतःलाही शंका नव्हती. वकीलबाईंनी सरळ सांगितले, ‘तुम्हाला साक्षीत खोटे बोलावे लागेल, आणि ते उघडे पडले की तुमचा खरा हक्कही अडचणीत येईल.’ पर्यायी मागणी म्हणून दोन्ही गोष्टी एकाच दाव्यात मांडता येतात हे त्यांनी नाकारले नाही. पण त्यांचे मत एकच रस्ता धरावा असे होते, आणि मला ते पटले.

तो रस्ता म्हणजे हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. वडील हयात असताना कलम २० प्रमाणे, स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा सांभाळ करणे ही त्यांची वैयक्तिक जबाबदारी असते, आणि तिला वयाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात नेमके हेच स्पष्ट केले : सज्ञान अविवाहित मुलीने कलम १२५ कडे न जाता या कायद्याखाली मागावे आणि आपण निर्वाह करू शकत नाही हे सिद्ध करावे. वडील गेल्यावर ती वैयक्तिक जबाबदारी संपते आणि कलम २१ व २२ लागू होतात. अविवाहित मुलगी, ती अविवाहित आहे तोवर, मृताची ‘अवलंबित’ असते. आणि जिला मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळकतीत काहीही हिस्सा मिळालेला नाही अशा अवलंबिताचा निर्वाह, ज्यांनी ती मिळकत घेतली त्यांनी, घेतलेल्या हिश्श्याच्या किमतीच्या प्रमाणात करायचा असतो. दादा माझा भाऊ आहे म्हणून तो देणे लागत नव्हता. वडिलांचे घर त्याने घेतले म्हणून देणे लागत होता. घर दूरच्या कोणाला गेले असते तरी मागणी त्या माणसाकडे गेली असती. हे समजल्यापासून दाव्याची भाषाच बदलली. मी काढलेल्या खस्तांची आणि त्याच्या कृतघ्नपणाची सहा पाने वकीलबाईंनी मसुद्यातून काढली आणि त्या जागी मिळकतीचा तक्ता घातला.

तक्ता असा होता. घराची बाजारभावाने किंमत ४४ लाख रुपये. ठेवी तीन, मिळून १३ लाख. वडिलांच्या शेवटच्या आजारपणातले रुग्णालयाचे बिल आणि हातउसने मिळून देणे २ लाख. हे आधी वजा करावे लागते, कारण मृताची देणी अवलंबिताच्या हक्काच्या पुढे उभी राहतात. उरलेली निव्वळ मिळकत ५५ लाख, त्यातले ४४ लाख दादाकडे आणि ११ लाख पुतण्याकडे, म्हणजे चारास एक. या एका ओळीसाठी मिळकत पत्रिका, सूची क्रमांक २, मूल्यांकनकाराचा दाखला आणि बँकांची पत्रे मिळवण्यात अडीच महिने गेले.

माझ्या गरजांचा तक्ता करताना मात्र मी अडखळले. पहिल्यांदा मी लिहिलेली रक्कम महिना सहा हजार होती, कारण तेवढ्यात मी भागवत होते. वकीलबाईंनी वही परत केली. निर्वाह म्हणजे कायद्याच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी. आणि न्यायालयाने रास्त गरज बघायची असते, सवय झालेली काटकसर नव्हे. मग खोलीचे भाडे, थायरॉइडच्या गोळ्या, दर सहा महिन्यांची तपासणी, वीज, गॅस, कपडे, सगळे पावत्यांसह मांडले आणि बेरीज १६ हजारांवर गेली. शिकवण्यांचे उत्पन्न आम्ही लपवले नाही. वर्षाच्या बारा महिन्यांचे, सुट्टीतले शून्य धरून, सरासरी चार हजार दाखवले. उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि त्यातली एक लपवलेली ठेव संपूर्ण साक्ष नासवते.

नोटीस गेली, उत्तर आले नाही. आमच्याकडे कौटुंबिक न्यायालय नसल्यामुळे दावा दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तरावर, दाखल झाला; पोटगीच्या मागणीत महिलांना महाराष्ट्रात न्यायालय शुल्क माफ आहे, हा मोठाच आधार होता. दावा दाखल करण्याच्या आदल्या आठवड्यात वकीलबाईंच्या कारकुनाने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सहज ई-सर्च केला, आणि नोटीस मिळाल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी दादाने घराचे बक्षीसपत्र वहिनीच्या नावे केल्याचे दिसले. मला वाटले, संपले. वकीलबाई उलट खूश झाल्या. कलम २८ प्रमाणे मिळकत दुसऱ्याकडे गेली तरी, घेणाऱ्याला हक्काची माहिती असेल किंवा ती त्याला फुकट मिळाली असेल, तर निर्वाहाचा हक्क त्याच्याविरुद्धही चालतो. बक्षीसपत्र म्हणजे फुकटच, आणि नोटीस ज्या घरात आली त्याच घरात वहिनी राहत होत्या. धोका होता तो पुढच्या पायरीत : माहिती नसलेल्या कोणी पूर्ण किंमत देऊन घर विकत घेतले असते, तर त्याच्यापर्यंत माझा हात पोहोचला नसता. म्हणून वहिनींना प्रतिवादी क्रमांक तीन केले, तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज दिला, आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवली, म्हणजे कोणीही शोध घेतला तर त्याला ती दिसावी.

कैफियतीत दादाने तीन गोष्टी मांडल्या. मृत्युपत्रात माझी सोय आधीच केलेली आहे; मी कमावती आहे; आणि दीड लाखाची एक ठेव मला मिळालेली असल्याने ‘काहीही हिस्सा मिळालेला नाही’ ही अट मी पूर्ण करत नाही. तिसरा मुद्दा चांगलाच अवघड होता. त्या ठेवीवर वडिलांनी माझे नामनिर्देशन केले होते आणि बँकेने रक्कम माझ्या खात्यात जमा केली होती. पण नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती खऱ्या हक्कदारासाठी रक्कम स्वीकारते, आणि मृत्युपत्राप्रमाणे सर्व ठेवी पुतण्याच्या होत्या. तीच रक्कम परत मागणारे पुतण्याचे पत्र माझ्याकडे होते, दादाच्या हस्ताक्षरातले. ते दाखल केले आणि उलटतपासात वकीलबाईंनी दादाला एवढेच विचारले की ही ठेव तुमच्या म्हणण्याप्रमाणे कोणाची. तो म्हणाला, माझ्या मुलाची. त्या उत्तरानंतर तो मुद्दा पुन्हा कोणी काढला नाही. ठेव मात्र मला परत करावी लागली.

माझा उलटतपास दोन तारखांना चालला. ‘तुमच्याकडे शिलाई मशीन आहे की नाही?’ हा प्रश्न तीनदा आला. आईचे मशीन होते, त्यावर मी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून द्यायचे, वर्षात दहा-बारा. मी आकडा सांगितला. ‘लग्न तुम्ही स्वतःच नाकारलेत ना?’ यावर वकीलबाईंनी हरकत घेतली, पण मी उत्तर दिले की दोन स्थळे मी नाकारली आणि बाकीच्यांनी मला. कायद्यात अविवाहित का राहिली हा प्रश्नच नाही, अविवाहित आहे का एवढाच आहे. तरी तो विचारला जातोच. वडिलांशी माझे संबंध कसे होते हे मात्र कायद्याने बघायचे असते, आणि तिथे त्यांच्या इन्सुलिनच्या वह्या कामी आल्या. नऊ वर्षांच्या नऊ वह्या, रोज सकाळची आणि रात्रीची साखर माझ्या हस्ताक्षरात, आणि अधूनमधून वडिलांच्या थरथरत्या अक्षरात ‘आज चुकून लाडू’. न्यायाधीशांनी एक वही उघडून बराच वेळ पाने उलटली.

राहिले ते मृत्युपत्रातले वाक्य. ‘मुलाने सोय करावी’ याने घरावर बोजा निर्माण होतो, असे मला वाटत होते. तसे होत नाही. निर्वाहाचा हक्क मिळकतीवर आपोआप बोजा होऊन बसत नाही. मृत्युपत्राने, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने किंवा मालकाशी झालेल्या कराराने तो निर्माण करावा लागतो, आणि या वाक्यात ना रक्कम होती, ना जागा, ना घराचा उल्लेख. न्यायालयाने ती केवळ इच्छा मानली. मात्र अवलंबितासाठी मृत्युपत्रात काय तरतूद आहे हेही रक्कम ठरवताना विचारात घ्यायचे असते, आणि दादाने ती तरतूद पाळल्याचा एकही पुरावा दिला नव्हता. त्यामुळे जे वाक्य त्याने ढाल म्हणून पुढे केले, त्यातून वडिलांना माझे परावलंबित्व माहीत होते एवढे सिद्ध झाले. वडिलांनी त्यात ‘मागची खोली तिला हयातभर’ एवढे चार शब्द घातले असते, तर तीन वर्षे वाचली असती. त्यांच्यावर मला आलेला हा एकमेव राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

अंतरिम म्हणून महिना पाच हजारांचा आदेश दाव्यानंतर आठ महिन्यांनी झाला होता, आणि हुकूमनामा तीन वर्षांनी. महिना १० हजार रुपये, दावा दाखल केलेल्या तारखेपासून, आधी दिलेले वजा करून. त्यातले ८ हजार दादाच्या हिश्श्याचे, २ हजार पुतण्याचे. घर वहिनींच्या नावावर असले तरी त्या रकमेचा बोजा घरावर. आणि निवारा हा निर्वाहाचाच भाग म्हणून घरामागची खोली व न्हाणीघर, मी अविवाहित आहे तोवर. मागितले होते १६ हजार. खोली मिळाल्याने भाडे वजा झाले आणि शिकवण्यांचे उत्पन्न वजा झाले, हे मला रास्त वाटले. दादाला वाटले नाही, पण मुदतीत अपील झाले नाही.

हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. पुतण्या त्याचे २ हजार पहिल्या तारखेला न चुकता पाठवतो. तो पुण्यात नोकरीला आहे आणि त्याला या भांडणाचा कंटाळा आला आहे. दादाने पाच महिने काहीच भरले नाही. थकीत पोटगीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि हुकूमनाम्याला त्याहून बरीच जास्त, तरी थांबायचे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि आम्ही दरखास्त लावली. बोजा असल्यामुळे घराच्या जप्तीची नोटीस निघाली, त्या आठवड्यात थकबाकीचा पहिला हप्ता जमा झाला. आता दादाने कलम २५ खाली अर्ज केला आहे : खालचा भाडेकरू गेला, उत्पन्न घटले, म्हणून रक्कम कमी करावी. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवता वा कमी करता येते हे खरेच आहे, आणि त्याच कलमाचा आधार घेऊन मी माझ्या वाढलेल्या औषधांच्या पावत्या जोडून उलट अर्ज दिला आहे. खोलीची किल्ली बेलिफाने माझ्या हातात दिली तेव्हा आत आईचे मशीन होते, झाकणावर वहिनींच्या हळदीकुंकवाची वाणे रचलेली. ती मी बाजूला काढून ठेवली आणि बेलिफाच्या पंचनाम्यावर सही केली.